चुकीच्या वाटेनेही चालून पाहता यावं: बँकेच्या काउंटरसाठी फाटे फुटणारा प्रशिक्षण व्हिडिओ कसा लिहायचा

सकाळचे सव्वाअकरा. काउंटरपुढे सात-आठ जणांची रांग. सत्तरीच्या आसपासच्या एक काकू एफडीची पावती पुढे सरकवतात आणि म्हणतात, "ही मोडायची आहे. अठरा लाख आहेत. आजच्या आज आरटीजीएस करून द्या." ज्या खात्यात पैसे जायचे ते दुसऱ्या राज्यातलं आहे आणि नाव एका ट्रेडिंग कंपनीचं आहे. काकूंनी पर्स छातीशी घट्ट धरली आहे. काउंटरवरच्या मुलीने आता काय करायचं?

मी एका सहकारी बँकेच्या प्रशिक्षण विभागात काम करते. 'डिजिटल अटके'च्या, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून खातेदाराला फोनवर धरून ठेवून पैसे उकळण्याच्या फसवणुकीबद्दल कर्मचाऱ्यांना शिकवायला आमच्याकडे आधी 35 स्लाइड्स होत्या. सगळ्यांना सगळं माहीत होतं: कायद्यात डिजिटल अटक असं काही नसतं, पोलीस व्हिडिओ कॉलवर चौकशी करत नाहीत, पैसे गेले तर 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. तरीही प्रत्यक्ष काउंटरवर काय बोलायचं, कुणाच्या देखत बोलायचं आणि खातेदार चिडला तर काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून आम्ही असा व्हिडिओ केला, ज्यात कर्मचारी स्वतः निवड करतो आणि तिचा परिणाम पाहतो. त्याची संहिता मी तीनदा लिहिली. तिसऱ्यांदा जमली तेव्हा जे समजलं, ते इथे क्रमाने मांडते. उदाहरण शेवटपर्यंत याच काकूंचं ठेवते.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- तुमच्या संस्थेचं त्या विषयावरचं लेखी परिपत्रक किंवा कार्यपद्धती. ताजी प्रत हवी.
- खरोखर घडलेले तीन-चार प्रसंग, नाव-गाव काढून टाकलेले.
- त्या जागेवर रोज बसणारी किमान दोन माणसं, प्रत्येकी तासभर.
- संहितेला मान्यता देणारी अनुपालन विभागातली एक ठरलेली व्यक्ती.
- मोठा कागद आणि चिकटचिठ्ठ्या.
- Twine. फाटे फुटणाऱ्या गोष्टी लिहिण्याचं हे साधन फुकट आहे.
- एक एक्सेल शीट, क्लिपची यादी ठेवायला.

## 1. विषय नको, एक कृती ठरवा

"सायबर फसवणुकीबद्दल जागरूकता" यावर फाटे फुटणारी संहिता लिहिता येत नाही, कारण जागरूकता हे कुणी करत नाही. वाक्य असं लिहा: "घाबरलेला खातेदार मोठी रक्कम अनोळखी खात्यात पाठवायला आला, तर काउंटरवरचा कर्मचारी त्याला एकांतात नेतो, फोन चालू आहे का ते पाहतो आणि मॅनेजरला लगेच सामील करून घेतो." यात तीन क्रियापदं आहेत आणि तीच पुढे तीन निर्णयाच्या जागा होतात.

माणूस चुकू शकतो अशी जागा वाक्यात सापडत नसेल, तर त्या विषयाला एक पानी सूचनापत्रक पुरतं. उदाहरणार्थ, फॉर्मवर खाते क्रमांक दोनदा तपासणं. तिथे निवड नसते, शिस्त असते.

## 2. आधी चुका गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवखा लेखक बरोबर उत्तर आधी लिहितो आणि मग त्याच्या आजूबाजूला दोन चुकीची उत्तरं बसवतो. ती कशी दिसतात ते माझ्या पहिल्या मसुद्यातूनच देते:

अ) काकूंकडे दुर्लक्ष करून पैसे पाठवते.
ब) काकूंवर ओरडते.
क) शांतपणे चौकशी करते आणि मॅनेजरला कळवते.

हे वाचून कुणीही डोळे मिटून 'क' निवडेल, शिकणार काहीच नाही. खऱ्या काउंटरवर चूक अशी दिसत नाही. तिथे चूक शहाण्यासारखी वाटते, तिला कारण असतं. ते कारण काउंटरवरच्या माणसाकडूनच मिळतं. त्यांना "चुका काय होतात" असं विचारू नका, कुणी कबूल करत नाही. "अशा वेळी तुमच्या मनात काय येतं?" असं विचारा. आम्हाला मिळालेली उत्तरं अशी होती: "पैसे त्यांचे आहेत, मी कोण विचारणारी?" "मागे रांग आहे, लोक कुरकुर करतात." "मागे एकदा विचारलं तर खातेदाराने तक्रार केली." "मी विचारलं ना, त्यांनी कारण सांगितलं, मग माझं काम झालं."

शेवटचं उत्तर सोन्यासारखं आहे. कारण हे ठग खातेदाराला बँकेत काय सांगायचं ते आधीच पढवून पाठवतात: मुलाच्या फ्लॅटचे पैसे आहेत, नातेवाइकाचं ऑपरेशन आहे. म्हणजे कर्मचाऱ्याने प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, तरी फसवणूक थांबत नाही. ही गोष्ट स्लाइडवर वाचून पटत नाही. स्वतः "विचारते" हा पर्याय निवडून, काकूंचं पढवलेलं उत्तर ऐकून, हायसं वाटून पुढे गेल्यावर पैसे बुडालेले पाहिले की पटते.

मग पहिल्या निर्णयाचे पर्याय असे झाले:

अ) "बसा काकू, फॉर्म देते." काम सुरू करते.
ब) "एवढी रक्कम कुणाला पाठवताय काकू?" काउंटरवरच विचारते.
क) "सही जुळत नाहीये, जरा आत बसून पाहू या का?" रांगेतून बाजूला नेते.

तिन्ही पर्याय कुणीतरी प्रामाणिकपणे निवडेल असे आहेत. तिन्हींची लांबी जवळपास सारखी आहे. ही सापळ्याची जागा आहे: बरोबर पर्याय आपण नकळत लांब आणि सभ्य लिहितो, आणि पाहणारा लांबी बघून तोच निवडतो. मसुदा झाला की पर्यायांचे शब्द मोजा.

आणखी एक. 'क'मध्ये कर्मचारी खोटं कारण देते. आमच्या अनुपालन विभागाने ते वाक्य कापलं आणि "मोठ्या रकमेला आमच्या साहेबांची पडताळणी लागते, जरा बाजूला बसू या" असं करायला लावलं. ते खरंही होतं आणि ऐकायलाही बरं. अशी वाक्यं शूटिंगच्या आधीच दाखवून घ्या.

## 3. फाटे फोडा, पण परत एकत्र आणा

आता हिशेब. तीन निर्णय, प्रत्येकी तीन पर्याय, आणि प्रत्येक वाट स्वतंत्र ठेवली तर क्लिप होतात 1 + 3 + 9 + 27, म्हणजे 40. प्रत्येक क्लिप सरासरी 40 सेकंदांची धरली तरी जवळपास 27 मिनिटांचं चित्रीकरण. त्यातलं एका माणसाला दिसतं जेमतेम अडीच-तीन मिनिटांचं. माझा दुसरा मसुदा इथेच मेला.

उपाय असा की फाटे फुटल्यावर वाटा पुन्हा एका ठिकाणी मिळवायच्या. आमचा अंतिम नकाशा:

- S0: सुरुवात, काकू काउंटरवर. (1 क्लिप)
- P1A, P1B, P1C: पहिल्या निवडीचे परिणाम. (3)
- S1: तिन्ही वाटा इथे मिळतात. काकू खुर्चीत बसल्या आहेत, पर्समधल्या फोनचा प्रकाश दिसतो. (1)
- P2A, P2B, P2C: दुसऱ्या निवडीचे परिणाम. (3)
- S2X: काकू अजून बँकेत आहेत. S2Y: काकू निघून गेल्या. (2)
- शेवट: S2X वरून दोन, S2Y वरून दोन. (4)

एकूण 14 क्लिप, साधारण साडेनऊ मिनिटं. प्रत्येक पाहणाऱ्याला सहा क्लिप दिसतात, म्हणजे चार मिनिटं. एका वाटेवर चूक झाली तर माणूस कंटाळण्याआधी परत फिरून दुसरी वाट पाहू शकतो.

नकाशा आधी कागदावर करा. चिठ्ठ्या हलवता येतात, आणि खोलीतल्या चौघांना एकदम दिसतो. नंतर तो Twine मध्ये उतरवा. तिथे दुहेरी चौकटी कंसाने दुवा तयार होतो:

```
काकू खुर्चीत. पर्समध्ये फोनचा प्रकाश.
[["काकू, फोन ठेवा, हा फ्रॉड आहे!"->P2A]]
[[चिठ्ठी लिहून पुढे सरकवते->P2B]]
[["सर्व्हर डाउन आहे, उद्या या"->P2C]]
```

Twine ब्राउझरमध्ये वापरलंत तर गोष्ट त्या ब्राउझरच्याच साठ्यात राहते. ब्राउझरचा डेटा साफ केला की गोष्टही जाते. दर दिवसाअखेर फाइल उतरवून ठेवा.

## 4. वाटा मिळतात तो प्रसंग सर्वांत जपून लिहा

S1 हा प्रसंग तीन वेगळ्या वाटांनी येणाऱ्या माणसाला दिसणार आहे. म्हणून त्यातलं प्रत्येक वाक्य, हातातली प्रत्येक वस्तू तिन्ही वाटांवर खरी असली पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. आमच्या एका मसुद्यात S1 मध्ये स्नेहल, म्हणजे आमचं काउंटरवरचं पात्र, भरलेला आरटीजीएस फॉर्म हातात घेऊन उभी होती. पण फॉर्म फक्त P1A मध्ये भरला गेला होता. 'क' निवडलेल्या माणसाला तो फॉर्म आला कुठून हेच कळलं नसतं. ही चूक संहितेच्या वाचनात सुटली आणि शूटिंगच्या आदल्या दिवशी सापडली.

जागेचाही प्रश्न होता. 'अ' आणि 'ब'मध्ये काकू काउंटरवर, 'क'मध्ये आत. मग एकत्र कुठे आणायचं? आम्ही मॅनेजरच्या केबिनबाहेरची खुर्ची निवडली. P1A मध्ये पासिंगसाठी, म्हणजे साहेबांच्या मंजुरीसाठी, थांबायला सांगतात म्हणून काकू तिथे बसतात. P1B मध्ये "मुलाच्या फ्लॅटचे आहेत" असं सांगून त्या तिथेच वाट बघतात. P1C मध्ये साहेबांकडे कुणीतरी बसलंय म्हणून दोन मिनिटं थांबावं लागतं. तिन्ही कारणं कुठल्याही शाखेत रोज घडणारी आहेत.

S1 साठी मी आता एक छोटा तक्ता करते: आडवं प्रत्येक वाट, उभं चार प्रश्न. पात्र कुठे आहे? हातात काय आहे? तिला आत्तापर्यंत काय माहीत आहे? मन कसं आहे? ज्या खान्यात उत्तरं वेगळी येतील, त्या गोष्टीचा उल्लेख S1 मधून काढायचा.

पण मग पहिल्या निवडीला अर्थ काय राहिला, असं वाटेल. अर्थ टिकवायला आम्ही एकच गोष्ट लक्षात ठेवली: काकूंना सन्मानाने बाजूला नेलं होतं की नाही. P1C मध्ये ती नोंद होते आणि शेवटच्या पडद्यावरचा मजकूर तिच्यानुसार बदलतो. चित्रीकरणात एकही क्लिप वाढत नाही.

```
(set: $vishwas to 1)
```

आणि शेवटी:

```
(if: $vishwas is 1)[काकू पुढच्या आठवड्यात पासबुक भरायला आल्या आणि तुमच्याच काउंटरवर थांबल्या.]
(else:)[काकू आता दुसऱ्या काउंटरच्या रांगेत उभ्या राहतात.]
```

अशी नोंद एकच ठेवा. दोन झाल्या की तपासणीच अशक्य होते.

## 5. परिणाम दाखवा, निकाल देऊ नका

निवड केल्यावर पडद्यावर लाल फुली आणि "चुकीचा पर्याय!" आलं, की ती परीक्षा झाली. परिणाम गोष्टीच्या आतून आला पाहिजे आणि तो केलेल्या कृतीतूनच निघाला पाहिजे.

दुसऱ्या निर्णयाचं उदाहरण जवळून पाहू. P2A मध्ये स्नेहल मोठ्याने म्हणते, "काकू, फोन ठेवा, हा फ्रॉड आहे!" भावना चांगली आहे. आमच्या चाचणीत बहुतेकांनी हाच पर्याय निवडला. पण फोन चालू आहे आणि पलीकडचा माणूस ऐकतोय. ही संहिता अशी आहे:

> P2A. केबिनबाहेर. दिवस.
> स्नेहलचं वाक्य संपतं. रांगेतली माणसं वळून बघतात.
> काकूंचा हात पर्सवर घट्ट होतो. पर्समधून दबका पुरुषी आवाज: "मॅडम, बाहेर या. आत्ता."
> काकू (उठत): नाही नाही, माझं काम राहू दे.
> स्नेहल: काकू, ऐका तरी...
> काकू: तुम्हाला काय करायचंय हो माझ्या पैशांचं?
> काकू दाराकडे जातात. खुर्चीवर एफडीची पावती राहिली आहे.

पुढे S2Y. कुणीही "तू चुकलीस" म्हटलेलं नाही. पण पाहणाऱ्याला कळतं की शब्द बरोबर होते, फक्त भलत्या कानांवर पडले.

P2B मध्ये स्नेहल काहीच बोलत नाही. पाण्याचा ग्लास ठेवते आणि त्याखाली चिठ्ठी: "फोनवर कुणी ऐकतंय का? मान हलवा." काकू वाचतात. बराच वेळ काही होत नाही. मग मान किंचित हलते. या क्लिपमध्ये संवाद शून्य आहे आणि तीच सगळ्यांच्या लक्षात राहिली. P2C मध्ये "उद्या या" म्हटल्यावर काकू उद्या येत नाहीत. त्या दुपारी दुसऱ्या शाखेत जातात.

परिणाम किती दूरचा दाखवायचा? चेहऱ्यावरचा परिणाम लगेच दाखवा, पैशाचा शेवटीच. प्रत्येक पायरीवर "18 लाख गेले" दाखवलं तर माणूस निवड करायलाच घाबरतो. आणि चांगली वाटही नेहमी गोड संपवू नका. S2X च्या एका शेवटात स्नेहल काकूंना एकटीच दहा मिनिटं समजावत बसते, 1930 चं नाव काढत नाही, घरच्या कुणाला बोलवायचं का तेही विचारत नाही. काकू पटल्यासारखं दाखवून घरी जातात आणि संध्याकाळी पुन्हा तो फोन येतो. हे घडतं.

स्पष्टीकरण शेवटच्या पडद्यावर, दोन-तीन वाक्यांत, आणि खाली "त्या निर्णयाकडे परत जा" हे बटण. इथेच नियम सांगायचे: तक्रार 1930 वर किंवा cybercrime.gov.in वर, जितकी लवकर तितकी समोरच्या खात्यातली रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

एक मर्यादा लक्षात ठेवा. घरच्यांना कळवायचं का, व्यवहार किती वेळ थांबवायचा, या गोष्टी खातेदाराच्या गोपनीयतेशी आणि हक्काशी जोडलेल्या आहेत. तिथे लेखकाने स्वतःच्या मनाने "बरोबर" उत्तर ठरवू नये. तुमच्या परिपत्रकात जे आहे तेच बरोबर वाटेवर जाईल. परिपत्रकात काहीच नसेल तर तो निर्णय व्हिडिओतून काढा आणि वर कळवा.

## 6. शूटिंगसाठी संहिता बांधताना

संवाद मोठ्याने म्हणून बघा. ठहरावांसह 40 सेकंदांत 70 ते 80 शब्दच बसतात. स्नेहल काकूंना "मॅडम" म्हणते की "काकू", हे तुमच्या भागाप्रमाणे ठरवा आणि 14 क्लिपमध्ये तेच ठेवा.

निर्णयाच्या प्रत्येक क्लिपच्या शेवटी संहितेत लिहा: "पात्र स्थिर, 6 सेकंद, संवाद नाही." पर्याय वाचले जाताना मागे हे चित्र दिसत राहतं. ते लिहिलं नाही तर कॅमेरा वाक्य संपताच बंद होतो आणि संपादकाला पापणी अर्धी मिटलेली चौकट गोठवावी लागते. पर्याय खालच्या तिसऱ्या भागात येणार असतील तर तो भाग मोकळा ठेवायलाही लिहा, आणि सबटायटल कुठे जाणार तेही.

शूटिंग गोष्टीच्या क्रमाने होत नाही, जागेच्या क्रमाने होतं. म्हणून एक्सेलमध्ये प्रत्येक क्लिपपुढे जागा, पात्रं, वस्तू आणि "आधीची क्लिप कोणती" हे लिहा. शेवटचा रकाना कलाकारासाठी आहे. आमच्या काकू झालेल्या बाईंनी प्रत्येक टेकआधी एकच प्रश्न विचारला: "आत्ता मला स्नेहलवर विश्वास आहे की नाही?" त्या रकान्यामुळे उत्तर देता आलं.

## 7. कॅमेऱ्याआधी कागदावर खेळून पाहा

संहिता पाच कर्मचाऱ्यांवर चालवा. तुम्ही प्रसंग वाचायचा, पर्याय सांगायचे, त्यांनी निवडायचं, त्याप्रमाणे पुढचा कागद वाचायचा. प्रत्येकाला वीस मिनिटं पुरतात. मध्ये समजावू नका, फक्त लिहून घ्या.

दोन गोष्टी पाहायच्या. पाचही जणांनी विचार न करता एकच पर्याय निवडला, तर बाकीचे दोन खोटे आहेत, पुन्हा लिहा. आणि कुणी म्हणालं, "मी यातलं काहीच करणार नाही, मी वेगळं करेन," तर पेन खाली ठेवू नका. चिठ्ठीचा पर्याय माझ्या डोक्यातून आलेला नाही. तोपर्यंत तिथे "हळू आवाजात सांगते" असं होतं. चाचणीला बसलेल्या एक कॅशियर बाई म्हणाल्या, "हळू बोललं तरी फोनला ऐकू जातं की. मी लिहून दिलं असतं." त्या दिवशी P2B बदलली.

मग Twine मध्ये सगळ्या वाटा एकेक चालून पाहा. आमच्या नकाशात पहिल्या जागी तीन, दुसऱ्या जागी तीन, तिसऱ्या जागी दोन, अशा 18 वाटा होतात. एक दुपार जाते. एक जण वाचतो, दुसरा शेजारी तक्ता घेऊन प्रत्येक वळणावर खूण करतो. ज्या वाटेवर "हे आधी कधी झालं?" असा प्रश्न पडला तिथे लाल खूण. आमच्या शेवटच्या फेरीत तीन लाल खुणा निघाल्या, आणि तिन्ही S1 मध्येच होत्या.